क्लोज झालेल्या केसेसचं ऑडिट: सँपल कसं निघतं, मार्क कसे पडतात आणि त्या रिपोर्टमधून आपण काय घ्यायचं

नवीन माणसाला पहिला ऑडिट रिपोर्ट येतो तेव्हा तो काय बघतो तर सगळ्यात खालचा आकडा, स्कोअर ८४, पासिंग ८५, आणि मग दिवसभर डोकं फिरलेलं. माझं म्हणणं असं की रिपोर्ट खालून वर वाचायचाच नाही, वरून खाली वाचायचा, म्हणजे आधी बघायचं की ढीग कुठला होता, त्यातून केसेस उचलल्या कशा, मग प्रत्येक केसला मार्क कसे दिले, आणि सगळ्यात शेवटी तो आकडा. कारण तो ८४ तुमच्या महिनाभराच्या कामाचा नसतो, उचललेल्या आठ केसेसचा असतो, आणि त्या आठ कशा उचलल्या यावर त्याचा अर्थ पूर्ण बदलतो.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जातो म्हणजे गोंधळ होणार नाही. समजा एक नवीन एजंट आहे, सपोर्ट डेस्कवर, ग्राहकांच्या तक्रारी आणि विनंत्या सोडवते आणि केस क्लोज करते. महिन्याच्या शेवटी तिच्या ८ केसेस ऑडिटला घेतल्या आणि स्कोअर आला ८४. (तुमचं काम सपोर्टचं नसेल, डेटा एंट्री असेल, कंटेंट तपासणी असेल, क्लेम प्रोसेसिंग असेल, तरी पद्धत जवळजवळ हीच असते, फक्त चेकलिस्ट वेगळी.)

पायरी १: ढीग नक्की कुठला ते विचारा

सिस्टीममध्ये तिच्या नावावर त्या महिन्यात २६१ केसेस क्लोज दिसतात. पण ऑडिटचा ढीग २६१ चा नसतो. त्यातल्या १२ डुप्लिकेट होत्या, म्हणजे त्याच ग्राहकाने दोनदा लिहिलं आणि एक केस दुसरीत मर्ज केली, तिथे तपासण्यासारखं कामच नाही. अजून ९ ग्राहकाचं उत्तर न आल्यामुळे सिस्टीमने आपोआप बंद केल्या. उरल्या २४०, आणि सँपल काढायचं ते या २४० मधून.

आता ह्या आपोआप बंद झालेल्या केसेस वगळाव्यात का यावर टीममध्ये वाद होतात आणि मला स्वतःला त्या सरसकट वगळणं पटत नाही. ग्राहकाला अर्धवट प्रश्न विचारून सोडून द्यायचं, तो उत्तर देत नाही, केस आपोआप बंद, आकडा वाढला, असं करणारे लोक असतात आणि ढिगातून त्या केसेस काढल्या की हे कधीच सापडत नाही. निदान त्यांचा वेगळा छोटा ढीग करून त्यातल्या दोनतीन तरी बघाव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे केस कोणाच्या नावावर मोजतात. तीन जणांच्या हातातून गेलेली केस शेवटी ज्याने बंद केली त्याच्या खात्यात पडते, बहुतेक सिस्टीममध्ये असंच असतं, त्यामुळे आधीच्या माणसाने चुकीची माहिती दिली आणि तुम्ही फक्त शेवटचं बटण दाबलं तरी ऑडिटला नाव तुमचं. चांगली टीम असेल तर रिव्ह्यूअर चूक ज्याची त्याच्या नावावर टाकतो, पण त्यासाठी त्याला टाइमलाइन वाचावी लागते आणि ती सगळेच वाचतात असं नाही.

आणि तिसरी, वेळ. केस आज क्लोज झाली आणि उद्या ऑडिटला घेतली तर ती खरंच सुटली की नाही हे कोणालाच माहीत नसतं. ग्राहक परत येऊन रीओपन करू शकतो ती मुदत, समजा ७ दिवस, उलटून गेल्यावरच केस ढिगात घ्यायची. तुमच्या रिपोर्टमधली केस कालपरवाच बंद केलेली असेल आणि तिला "समस्या सुटली" म्हणून पूर्ण मार्क असतील तर ते मार्क अजून कच्चे आहेत असं समजा.

पायरी २: केसेस उचलल्या कशा

सगळ्यात साधी पद्धत म्हणजे रँडम. २४० केसेसची यादी शीटमध्ये, शेजारच्या कॉलममध्ये

```
=RAND()
```

हे खालपर्यंत ओढायचं, त्या कॉलमवर सॉर्ट करायचं आणि वरच्या ८ घ्यायच्या. यात एक गंमत अशी की हा फॉर्म्युला शीटमध्ये काहीही बदललं की नवीन आकडे काढतो, म्हणजे सॉर्ट केल्या केल्या परत सगळे आकडे बदलतात, आणि मग कोणी विचारलं की ह्याच ८ कशा आल्या तर दाखवायला काही नसतं. म्हणून सॉर्ट करायच्या आधी ते आकडे कॉपी करून फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करायचे आणि ती यादी जपून ठेवायची. रिव्ह्यूअरकडे अशी गोठवलेली यादी असेल तर समजा की काम नीट चाललंय.

दुसरी पद्धत म्हणजे ठरावीक अंतराने, यादीतली दर तिसावी केस. सोपी आहे पण यादीत एखादी लय असेल तर फसते, उदाहरणार्थ काम एका ठरावीक क्रमाने फिरून येत असेल तर दर तिसावी केस एकाच प्रकारची निघू शकते.

तिसरी, आणि आपल्या उदाहरणात हीच वापरली, ती गटवार. तिच्या २४० पैकी २०० साध्या केसेस होत्या, पासवर्ड, पत्ता बदल, माहिती विचारणं असल्या, आणि ४० रिफंडच्या. सरळ रँडम ८ काढल्या असत्या तर रिफंडची एखादीच आली असती, सरासरीने एकच्या थोडं वर, आणि कधीकधी एकही नाही. पण रिफंडमध्ये चूक महाग पडते म्हणून टीमने ठरवलं की ४ साध्या आणि ४ रिफंडच्या, प्रत्येक गटात मात्र रँडम. हे बरोबरच आहे, कोणीही अनुभवी माणूस असंच करेल, फक्त यामुळे नंतर सरासरी काढताना एक लोचा होतो तो चौथ्या पायरीत बघू.

चौथा प्रकार म्हणजे मुद्दाम निवडलेल्या. ग्राहकाने वाईट रेटिंग दिलेली, रीओपन झालेली, दोन मिनिटांत बंद केलेली, तक्रार वरपर्यंत गेलेली. हे सगळं बघायलाच पाहिजे, चुका सापडतात त्या इथेच. पण ह्या केसेसचा स्कोअर नेहमीच्या स्कोअरमध्ये मिसळायचा नाही. वाईट म्हणूनच निवडलेल्या केसेस वाईट निघाल्या याने तुमच्या बाकीच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. रिपोर्टमध्ये "निवड: रँडम / मुद्दाम" असा कॉलम नसेल तर तो मागा, सरळ विचारा की यातली कुठली केस कशामुळे आली.

आणि मग ती पद्धत जी कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेली नसते पण चालते मात्र सर्रास, ती म्हणजे हाताला लागेल ती. रिव्ह्यूअरला आज संध्याकाळपर्यंत चाळीस केसेस संपवायच्यात, तो यादी उघडतो, वरची केस खूप लांबलचक आहे, पंचवीस मेसेज, "ही नको, पुढची", पुढची तीन मेसेजची आहे, घेतली. त्याच्या मनात काही वाईट नसतं पण सँपलमध्ये सगळ्या छोट्या केसेस भरतात आणि अवघड कामाचं ऑडिटच होत नाही. ओळखायचं कसं? तुमच्या रिपोर्टमधल्या केसेसच्या तारखा आणि लांबी बघा. सगळ्या महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांतल्या आहेत का, सगळ्या एकाच चॅनलच्या आहेत का, म्हणजे तुम्ही कॉल आणि चॅट दोन्ही करता पण आठही केसेस चॅटच्या (कॉल ऐकायला वेळ लागतो, चॅट वाचून होतं). एका महिन्यात असं योगायोगाने होऊ शकतं, सलग तीन महिने होत असेल तर तो योगायोग नाही. नियम खरं तर असा हवा की यादीत आलेली केस बदलायची तर कारण लिहून बदलायची, आणि "लांब आहे" हे कारण चालणार नाही.

पायरी ३: एका केसला मार्क कसे पडतात

उदाहरणातल्या टीमची शीट १०० मार्कांची आहे. ग्राहकाची अडचण बरोबर समजली का २५, दिलेला उपाय बरोबर आणि पूर्ण होता का ३०, ओळख पडताळणी १५, भाषा आणि वागणं १५, केसमधल्या नोट्स १०, कॅटेगरी आणि टॅग ५. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण वजन कशाला आहे ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. पुष्कळ नवीन लोक भाषेवर जीव काढतात, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत" तीनतीनदा, आणि इकडे उपाय अर्धवट.

चांगला रिव्ह्यूअर केस वरून खाली सलग वाचत नाही. तो आधी ग्राहकाचा पहिला मेसेज वाचतो, मग थेट शेवट बघतो की मागितलं ते मिळालं का, आणि मग मधला प्रवास. असं केलं नाही तर काय होतं की सुरुवातीलाच एक गोड मेसेज दिसला की पुढचं सगळं बरं वाटायला लागतं, किंवा पहिल्याच ओळीत नाव चुकलेलं दिसलं की पुढचं सगळं खटकायला लागतं.

अजून एक गोष्ट नवीन लोकांना लवकर कळत नाही. रिव्ह्यूअरला फक्त नोंद दिसते. तुम्ही शेजारच्या सीनियरला विचारलं, दुसऱ्या स्क्रीनवर खातं तपासलं, फोनवर खात्री केली, हे केसमध्ये नसेल तर त्याच्यासाठी ते झालेलंच नाही. यात तो दुष्टपणा करत नाही, त्याच्यासमोर पुरावाच नाही.

आता लागू नसलेले मुद्दे. एका रिफंडच्या केसमध्ये ग्राहक आधीच लॉगिन करून आलेला होता, तिथे वेगळी ओळख पडताळणी लागतच नाही, म्हणून रिव्ह्यूअरने त्या मुद्द्याला "लागू नाही" टाकलं. मग त्या १५ मार्कांचं काय करायचं? ते १०० मधून काढून टाकायचे, केस ८५ पैकी मोजायची. नोट्स लिहिल्याच नव्हत्या म्हणून १० गेले, बाकी सगळं बरोबर, मिळाले ७५. ७५ भागिले ८५ म्हणजे ८८ टक्के. म्हणजे नोट्सचे १० मार्क प्रत्यक्षात जवळजवळ १२ ला पडले, कारण खालची संख्या छोटी झाली. काही शीटमध्ये मात्र लागू नसलेल्या मुद्द्याला पूर्ण मार्क देऊन टाकतात, तसं केलं असतं तर हीच केस ९० ची झाली असती. आणि काही शीट बनवताना कोणीतरी घोळ घातलेला असतो आणि "लागू नाही" म्हणजे शून्य धरलं जातं, तिथे हीच केस ७५ ची. त्यामुळे एकदा तरी एका केसची बेरीज स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग येतं फेटल, काही ठिकाणी क्रिटिकल म्हणतात. दुसऱ्याची माहिती भलत्याला दिली, चुकीच्या खात्यात पैसे पाठवले, ओळख न तपासता खात्यात बदल केला, असली एक चूक झाली की बाकी सगळं उत्तम असलं तरी पूर्ण केस शून्य. कल्पना ठीक आहे, अशी चूक गोड भाषेने भरून निघू नये. पण फेटलची यादी छोटी आणि लिहिलेली असावी. "ग्राहकाला वाईट अनुभव" असला काहीतरी मोघम मुद्दा फेटलमध्ये असेल तर तिथे भांडणं होणारच.

आपल्या एजंटचे आठ स्कोअर असे आले: साध्या केसेस १००, १००, ९७, ९५. रिफंडच्या १००, ९२, ८८ आणि ०. त्या शून्यावर शेरा: "ओळख पडताळणी केली नाही, फेटल". बेरीज ६७२, भागिले ८, बरोबर ८४.

पायरी ४: आता तो आकडा वाचा

आता तो लोचा. साध्या चार केसेसची सरासरी ९८. रिफंडच्या चारांची ७०. सरळ सरासरी ८४ येते कारण दोन्ही गटांना सारखं वजन पडलं, चार आणि चार. पण तिच्या खऱ्या कामात रिफंड निम्मे नाहीत, २४० पैकी ४० आहेत. "तिचं महिनाभराचं काम एकूण कसं आहे" हा प्रश्न असेल तर प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या आकाराचं वजन द्यायला पाहिजे, म्हणजे २०० गुणिले ९८ अधिक ४० गुणिले ७०, भागिले २४०. उत्तर ९३.३. तेच ऑडिट, तीच आठ केसेस, तेच मार्क, आणि ८४ नापास तर ९३ आरामात पास.

मग खरा कुठला? प्रश्नावर आहे. एकूण कामाबद्दल बोलायचं तर ९३. रिफंडमध्ये काय चाललंय हे विचारायचं तर ७०, आणि खरं सांगायचं तर शिकण्याच्या दृष्टीने हाच आकडा कामाचा. ८४ हा मधला आकडा कुठल्याच प्रश्नाचं नीट उत्तर देत नाही, पण शीट आपोआप तोच काढते म्हणून तोच मेलमध्ये जातो. टीममधल्या सगळ्यांची चार-चार अशीच घेतली असतील तर आपापसात तुलना करायला तो चालेल, पण एखाद्याकडे रिफंडच नसतील आणि त्याच्या आठही साध्या असतील तर त्याचा ९८ आणि हिचा ८४ शेजारी ठेवणं अन्याय आहे, ती दोन वेगळी कामं आहेत.

दुसरा मुद्दा आठ या आकड्याचा. समजा एखाद्याच्या कामात खरोखर दर दहात एका केसमध्ये मोठी चूक असते, दर महिन्याला, न बदलता. त्याच्या ८ केसेस रँडम काढल्या तर काय दिसेल? हिशोब सोपा आहे, एक केस बरोबर निघायची शक्यता ०.९, आठही बरोबर निघायची ०.९ चा आठवा घात, म्हणजे ४३ टक्के. एकच चूक दिसायची शक्यता ३८ टक्के, आणि दोन किंवा जास्त दिसायची १९ टक्के. म्हणजे माणूस तोच, काम तेच, आणि वर्षातल्या पाच महिन्यांत तो निर्दोष दिसेल, चारपाच महिन्यांत ठीकठाक, आणि दोनेक महिन्यांत टीम लीड त्याला बाजूला बोलावून विचारेल की काय रे काय झालंय, घरी सगळं ठीक ना. बिचाऱ्याचं काहीच झालेलं नाही, नुसतं सँपल वेगळं पडलं.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. आठपैकी आठ बरोबर आल्या म्हणून छाती फुगवायचं कारण नाही, एवढ्यावरून ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की खरं चुकीचं प्रमाण ३१ टक्क्यांपेक्षा कमी असावं. हेच ३० केसेसमध्ये एकही चूक नाही निघाली तर ते साधारण १० टक्क्यांच्या आत असं म्हणता येतं. ढोबळ नियम असा की शून्य चुका आल्या तर ३ ला केसेसच्या संख्येने भागा, वरची मर्यादा अंदाजे मिळते, तीसला तो छान चालतो, आठसारख्या लहान संख्येला जरा जास्त दाखवतो.

त्यामुळे एका महिन्याच्या आकड्यावरून स्वतःबद्दल मत बनवू नका, तीन महिन्यांचे एकत्र करा. २४ केसेसमध्ये ३ चुका म्हणजे साडेबारा टक्के, पण तिथेही खरा आकडा साधारण ४ ते ३१ टक्क्यांत कुठेही असू शकतो. बघा म्हणजे, २४ सुद्धा फार नाहीत. गेल्या महिन्यात ९१ आणि या महिन्यात ८८, "घसरण" असं लाल अक्षरात लिहिलेले रिपोर्ट मी पाहिलेत, ती घसरण वगैरे काही नसते.

पायरी ५: पटलं नाही तर डिस्प्यूट, पण पुराव्याने

एजंटने काय केलं, शून्य मिळालेली केस उघडून पूर्ण टाइमलाइन वाचली. त्या ग्राहकाने त्याच दिवशी आधी एक केस उघडली होती, त्यात ओळख पडताळली होती, दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर आली होती, आणि मग रिफंडसाठी दुसरी केस त्याच संभाषणातून तयार झाली. रिव्ह्यूअरने दुसरी केस बघितली, तिथे पडताळणी नाही, फेटल. त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे कारण दुसऱ्या केसमध्ये पहिलीचा नंबर कुठेच लिहिलेला नव्हता.

डिस्प्यूट लिहिताना ती असं लिहू शकते: "केस दोनमध्ये फेटल दिलं आहे. पडताळणी त्याच ग्राहकाच्या केस एकमध्ये त्याच दिवशी ११:४२ ला झाली, रिफंड १२:०५ ला. दोन्ही एकाच चॅटचा भाग आहेत. दोन्ही केसेसची लिंक नोट्समध्ये नव्हती हे मान्य. फेटल काढून नोट्समध्ये मार्क कापावेत ही विनंती." एवढंच. कुठली केस, कुठला मुद्दा, पुरावा कुठे आणि किती वाजता, आणि काय बदल हवा. आपली चूक असेल ती त्याच दमात मान्य केली तर समोरचा वाचतो तरी.

काय चालत नाही तर "ग्राहक खूश होता", "आधीच्या महिन्यात हेच चाललं होतं", "बाकीचे पण असंच करतात". ह्यातलं शेवटचं तर स्वतःबरोबर अजून चारजणांना घेऊन बुडतं. पण एक मुद्दा नक्की तपासा, नियम कधी बदलला. केस बंद केली त्या तारखेला जो नियम लागू होता त्यानेच मार्क द्यायचे असतात, आणि ऑडिट दोनतीन आठवड्यांनी होत असल्यामुळे रिव्ह्यूअरच्या डोक्यात नवीन नियम बसलेला असतो. नियमावलीच्या पानावर बदलाची तारीख असते, ती दाखवली की वाद तिथेच संपतो. आणि डिस्प्यूटची मुदत बघून ठेवा, ती सहसा थोड्या दिवसांचीच असते आणि रिपोर्ट आल्यापासून मोजतात, तुम्ही उघडल्यापासून नाही.

फेटल निघालं, नोट्सचे पूर्ण १० गेले, ती केस ० ची ९० झाली. सरळ सरासरी ८४ वरून ९५ वर, रिफंडची ७० वरून ९२.५ वर. एका शेऱ्याने अकरा मार्क हलले, यावरून कळतं की आठ केसेसच्या ऑडिटमध्ये एक फेटल किती जड असतं, आणि म्हणूनच फेटल दिलेली प्रत्येक केस दुसऱ्या रिव्ह्यूअरने बघितल्याशिवाय पाठवूच नये असं माझं ठाम मत आहे.

रिव्ह्यूअर आपापसात जुळतात का

हे तुमच्या हातात नाही पण माहीत असू द्या. कॅलिब्रेशन म्हणजे सगळे रिव्ह्यूअर त्याच केसेस वेगवेगळं बसून, एकमेकांचं न बघता तपासतात आणि मग मार्क शेजारी ठेवतात. इथे "आमचं ८० टक्के जुळतं" असं ऐकलं की भारी वाटतं, पण बघा. २० केसेस, १५ ना दोघांनी पास दिलं, १ ला दोघांनी नापास, उरलेल्या ४ वर मतभेद, दोन ह्याने पाडल्या आणि दोन त्याने. जुळल्या १६, म्हणजे ८० टक्के. पण दोघेही २० पैकी १७ पास करतात, तर केस न वाचता नुसते त्याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी सुमारे ७५ टक्के जुळलंच असतं. आणि नापास केसेसकडे बघितलं तर दोघांनी मिळून ५ केसेस पाडल्या, त्यातली एकच दोघांनाही वाईट वाटली. एजंटच्या दृष्टीने महत्त्वाचं ते हेच, कारण पास झालेल्या केसवर कोणी भांडत नाही. तुम्हाला कॅलिब्रेशनला नुसतं ऐकायला बसू देत असतील तर जरूर बसा, कुठल्या मुद्द्यावर त्यांचं आपसात जमत नाही ते तिथे कळतं, आणि त्या मुद्द्यावर आपण जास्त स्पष्ट नोट लिहायची.

पायरी ६: शिकायचं काय आणि कसं

रिपोर्टमधले स्कोअर बाजूला ठेवा आणि फक्त शेरे एका शीटमध्ये उतरवा, प्रत्येक शेऱ्यापुढे तीनपैकी एक लिहा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण केलं नाही, केलं पण लिहिलं नाही. आपल्या एजंटच्या शेऱ्यांकडे असं बघितलं तर ८८ वाल्या केसमध्ये नोट्स नाहीत, ९० झालेल्या केसमध्ये नोट्स नाहीत, आणि ९२ वाल्या केसमध्ये नोट्स अर्धवट होत्या म्हणून ८ गेले. तिन्ही रिफंड, तिन्ही तिसऱ्या प्रकारात. म्हणजे तिला रिफंडच्या नियमांचं ट्रेनिंग परत देऊन काहीच होणार नाही, आणि नेमकं तेच दिलं जातं, कारण रिपोर्टवर "रिफंड ७०" दिसतं. ह्याउलट एखाद्याचे शेरे पहिल्या प्रकारात असतील तर नियम वाचायला बसायचं, दुसऱ्या प्रकारात असतील तर बघायचं की घाईत होतंय का, दिवसाच्या कुठल्या वेळी होतंय, कुठल्या स्क्रीनवर विसरतोय.

मग स्वतःचं छोटं ऑडिट सुरू करा. जो गट कच्चा आहे त्यातल्या, इथे रिफंडच्या, दर आठवड्याला पाच केसेस रँडम काढा, आवडत्या नाही, आणि त्या बंद करून निदान आठवडा झालेला असू द्या, कारण ताज्या केसमध्ये आपल्याला सगळं आठवत असतं आणि नोटमध्ये नसलेलं पण डोक्यात दिसतं. आठवड्यानंतर तीच नोट परक्यासारखी वाचता येते. टीमचीच शीट वापरा, स्वतःला मार्क द्या, आणि शक्य असेल तर एखाद्या सहकाऱ्याशी पाच केसेसची अदलाबदल करा. तुमचे स्वतःचे मार्क नेहमीच रिव्ह्यूअरपेक्षा वर येत असतील तर कुठल्या मुद्द्यावर येतात ते बघा, तिथे शीटचा अर्थ तुम्ही वेगळा लावताय.

एक सावधगिरी. ऑडिटचा आकडा डोक्यात बसला की लोक कामच आकड्यासाठी करायला लागतात, अवघड केस दुसऱ्याकडे ढकलतात, किंवा बंदच करत नाहीत कारण बंद केली नाही तर ढिगात येत नाही, किंवा नोट्स इतक्या लांब लिहितात की पुढच्या माणसाला त्यातून कामाची ओळ शोधावी लागते. टीम लीड शहाणा असेल तर तो ऑडिट स्कोअरच्या शेजारी रीओपनचं प्रमाण आणि उघड्या पडलेल्या जुन्या केसेस ठेवतो, तिथे हे लगेच उघडं पडतं. स्कोअर वर चाललाय आणि रीओपनही वर चाललेत तर शीटच चुकीचं काहीतरी मोजतेय.

आपल्या एजंटचा उपाय शेवटी अगदी किरकोळ निघतो. रिफंडच्या केससाठी चार ओळींचा एक तयार नमुना, ओळख कुठे आणि कधी पडताळली, रिफंडचं कारण, कुठल्या नियमाखाली, आणि जोडलेली केस असेल तर तिचा नंबर. क्लोजचं बटण दाबायच्या आधी तो भरायचा, तीस सेकंद लागतात. पुढचे दोन महिने स्वतःच्या शीटमध्ये फक्त एवढंच मोजायचं की काढलेल्या रिफंड केसेसपैकी कितींमध्ये चारही ओळी भरलेल्या आहेत. आठवड्याला पाच म्हणजे दोन महिन्यांत चाळीसच्या आसपास केसेस होतात, आणि ऑडिटच्या आठपेक्षा त्यातून बरंच जास्त कळतं.